मंगळवारी कधीच न हरणारी टीम: असे ‘ट्रेंड’ येतात कुठून?

माझा मावसभाऊ पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयपीएल चालू असताना एका सोमवारी रात्री त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. टिप्स देणाऱ्या कुठल्यातरी चॅनेलवरचा होता. टीमचा लोगो, खाली मोठ्या अक्षरांत ‘२०२३ पासून मंगळवारी एकदाही हार नाही. ५ पैकी ५!’ आणि त्याखाली त्याचा मेसेज: “ताई, उद्या मंगळवार आहे. दोन हजार लावू का? मेसचे पैसे आहेत, पण बुधवारी परत येतील.”

मी आधी विचारलं, “हा आकडा खोटा असेल तर?” त्याने स्कोअरकार्डं काढून तपासलं होतं. आकडा खरा होता. पाचही मॅच टीमने जिंकल्या होत्या. गंमत इथेच आहे. अशा ट्रेंडमध्ये बहुतेक वेळा कुणी खोटं बोलत नाही. तरीही ट्रेंड फसवा असतो.

पाचपैकी पाच म्हणजे किती अवघड?

समजा दोन्ही टीम तुल्यबळ आहेत, म्हणजे प्रत्येक मॅच म्हणजे नाणं उडवणं. एक मॅच जिंकायची शक्यता १/२. दोन सलग जिंकायची १/४. पाच सलग जिंकायची १/३२, म्हणजे साधारण ३ टक्के. भाऊ म्हणाला, “बघ ना, ३ टक्के! इतकं योगायोगाने होईल का?”

ठरावीक एक टीम आणि ठरावीक एक वार आधी ठरवून मग तपासलं असतं, तर त्याच्या बोलण्यात थोडा दम होता. पण चॅनेलवाल्याने तसं केलंच नव्हतं. त्याने सगळ्या टीमचे सगळे वार चाळले आणि जे चमकलं ते उचललं. आयपीएलमध्ये १० टीम आहेत, आठवड्याला ७ वार. म्हणजे ७० खाने झाले: अमुक टीमचा सोमवार, तमुक टीमचा गुरुवार, असे. प्रत्येक खान्यात पाच मॅच धरल्या, तर नुसत्या नशिबाने ‘५ पैकी ५’ होणारे खाने सरासरी किती? ७० भागिले ३२, म्हणजे दोनपेक्षा थोडे जास्त.

एका मॅचमध्ये एक टीम जिंकली की दुसरी हरतेच, त्यामुळे हे खाने एकमेकांपासून पूर्ण वेगळे नसतात. पण ही सरासरी त्याने बदलत नाही. सगळे खाने वेगवेगळे मानून ढोबळ हिशोब केला, तर निदान एक तरी ‘कधीच न हरणारा वार’ सापडायची शक्यता ८९ टक्के येते. आता ‘कधीच न जिंकणारा वार’सुद्धा ट्रेंड म्हणून खपतो. तोही धरला तर ९९ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे प्रश्न उलटा आहे. असा ट्रेंड सापडला यात नवल नाही. सापडला नसता तर नवल होतं.

फोनवर करून बघा

भावाला आकडेमोड पटेना, म्हणून मी त्याला गूगल शीट्स उघडायला सांगितलं. तुम्हीही पाच मिनिटांत करू शकता. A1 मध्ये हे टाका आणि E70 पर्यंत कॉपी करा:

```
=IF(RAND()<0.5,"W","L")
```

प्रत्येक ओळ म्हणजे एका टीमचा एक वार, आणि पाच कॉलम म्हणजे पाच मॅच. मग F1 मध्ये खालची पहिली ओळ टाकून F70 पर्यंत कॉपी करा, आणि G1 मध्ये दुसरी:

```
=COUNTIF(A1:E1,"W")
=COUNTIF(F1:F70,5)
```

G1 मध्ये दिसेल ती ‘न हरणाऱ्या’ ओळींची संख्या. शीटमध्ये कुठेही काही बदललं की सगळी नाणी पुन्हा उडतात. आमच्याकडे पहिल्यांदा ३ आले. मग १, मग ४. दहा वेळा केलं, त्यात एकदाच शून्य आलं. या शीटमध्ये ना बॅटिंग आहे, ना पिच, ना दव. तरी जवळपास दर वेळी कुणीतरी अजिंक्य निघतंच.

या प्रकाराला डेटा ड्रेजिंग म्हणतात. बंदराच्या खाडीतला गाळ उपसणाऱ्या ड्रेजरवरून आलेलं नाव. पुरेसा गाळ उपसला की काही ना काही चमकणारं हाताला लागतंच. त्यामागच्या गणिती अडचणीचं नाव मल्टिपल कम्पॅरिझन्स, म्हणजे एकाच डेटाला खूप प्रश्न विचारणं. आपल्याकडे हे नवं नाही. मटक्याचे जुने चार्ट समोर घेऊन आजचा आकडा काढणारी माणसं तेच करत होती. फरक एवढाच, की त्यांना हाताने चाळावं लागायचं आणि आता कॉम्प्युटर एका सेकंदात हजारो खाने चाळतो.

हजारो म्हणजे खरंच हजारो. नुसत्या वारावर कुणी थांबत नाही. टॉस जिंकला, हरला किंवा धरलाच नाही, हे तीन पर्याय. आधी बॅटिंग, नंतर बॅटिंग किंवा कुठलीही, हे तीन. घरचं मैदान, बाहेरचं किंवा कुठलंही, हे आणखी तीन. ७० गुणिले २७, म्हणजे १,८९० खाने झाले. प्रत्येकात आठ मॅच असत्या, तरी नशिबाने ‘८ पैकी ८’ झालेले सरासरी सात खाने मिळाले असते. ‘मंगळवारी, घरच्या मैदानावर, टॉस हरल्यावर कधीच हार नाही’ असं जितकं बारीक वर्णन, तितकं ते अभ्यासपूर्ण वाटतं. खरं तर ते जास्त गाळ उपसल्याची खूण आहे.

आणि एक जागा सहसा नजरेतून सुटते: ‘२०२३ पासून’. २०२३च का? मी भावाला मागे जाऊन बघायला सांगितलं. त्याआधीच्या मंगळवारच्या मॅचमध्ये टीम हरली होती. म्हणजे सुरुवातीची तारीखसुद्धा शेवटच्या हारीनंतरची निवडलेली. तोही एक छुपा फिल्टरच.

मोडल्यावर काय होतं?

जगातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००० साली तिथल्या एका क्रीडा आकडेतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की वॉशिंग्टनची अमेरिकन फुटबॉलची टीम राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीआधीची घरची शेवटची मॅच जिंकली, तर सत्तेतला पक्ष जिंकतो आणि हरली, तर सत्तेतला पक्ष हरतो. टीमच्या तेव्हाच्या नावावरून याला ‘रेडस्किन्स रूल’ म्हणतात. १९४० पासून २००० पर्यंतच्या १६ निवडणुकांत तो बरोबर बसला. नाण्याच्या हिशोबाने १६ पैकी १६ म्हणजे ६५,५३६ मध्ये एक!

२००४ मध्ये टीम हरली आणि सत्तेतले बुश जिंकले. मग नियमाला पोटकलम जोडलं गेलं: आधीच्या निवडणुकीत विजेत्याला देशभरातली मतं कमी पडली असतील, तर नियम उलटा लागू होतो. आता २००४ही बसलं. २०१२ मध्ये टीम पुन्हा हरली आणि सत्तेतले ओबामा जिंकले. शोध लागायच्या आधीच्या डेटावर अचूक आणि नंतरच्या डेटावर अडखळणारा, हीच उपसून काढलेल्या ट्रेंडची ओळख. किती टीम, किती खेळ, किती मॅच चाळल्यावर हा सापडला असता, त्या मानाने ६५,५३६ हा आकडा काही मोठा नाही.

मग खरा ट्रेंड ओळखायचा कसा?

एक साधा उपाय इटालियन गणितज्ञ कार्लो बॉनफेरोनी यांच्या नावाने ओळखला जातो. एकच प्रश्न विचारला असेल, तर योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली असली की संशोधक सहसा दखल घेतात. ७० प्रश्न विचारले असतील, तर ते ५ टक्के ७० ने भागायचे. उत्तर येतं १,४०० मध्ये एक. पाच मॅचचा १/३२ तिथे जवळपासही पोहोचत नाही. सलग ११ मंगळवार जिंकायला हवेत. १,८९० खाने चाळले असतील, तर सलग १६. चॅनेलवाला किती चाळले ते सांगणार नाही. म्हणून किती चाळता आले असते, तेवढे धरायचे.

एका टीमच्या साखळीत १४ मॅच असतात आणि शनिवार-रविवारी डबल हेडर असतात. त्यामुळे एका मोसमात मंगळवार वाट्याला येतात जेमतेम एक-दोन. ११ मंगळवार जमायला सहा-सात वर्षं लागतील. तोवर लिलावात निम्मी टीम बदललेली असते. मग ‘कधीच न हरणारी’ टीम नेमकी कुठली, हाही प्रश्नच.

दुसरा उपाय जास्त सोपा आणि जास्त कडक आहे: ट्रेंड आधी लिहून ठेवा आणि फक्त त्यानंतरच्या मॅचवर तपासा. ज्या डेटातून ट्रेंड सापडला, तोच डेटा पुरावा म्हणून चालत नाही.

आता त्या मंगळवारचं सांगते. भावाने पैसे लावले नाहीत आणि टीम जिंकली. चॅनेलवर ‘६ पैकी ६’ झळकलं. रात्री साडेअकराला फोन आला: “ताई, तुझ्यामुळे गेले ना माझे!” मी म्हणाले, एक मॅच जिंकायची शक्यता अर्धी होतीच. आजचा निकाल ना तुझ्या बाजूचा पुरावा, ना माझ्या. वही घे आणि त्या चॅनेलचा प्रत्येक ‘कधीच नाही’वाला ट्रेंड मॅचच्या आधी लिही.

त्याने २० ट्रेंड लिहिले. ९ खरे ठरले, ११ मोडले. मोडलेल्यांविषयी चॅनेलवर एक ओळही आली नाही. दुसऱ्या दिवशी नवा ट्रेंड हजर असायचा. १.९० च्या भावाने प्रत्येकी शंभर लावले असते, तर दोन हजारांचे १,७१० झाले असते. त्या भावात दहापैकी पाच जिंकूनही तोटाच होतो. हजारावर साडेनऊशेच परत येतात. सट्टा घेणाऱ्याचा वाटा भावातच बसवलेला असतो.

परवा त्याने पुन्हा स्क्रीनशॉट पाठवला. या वेळी कुठल्यातरी शेअरचा: ‘गेल्या सात वर्षांत दिवाळीच्या आठवड्यात कधीच पडला नाही.’ खाली त्याचा मेसेज होता: “ताई, एकूण शेअर किती असतात गं?”