दोन वर्षांची तपासणी झाली, पण शाळा अजून यायची आहे

समजा, एका मुलाचा जन्म 12 डिसेंबरचा आहे आणि त्याच्या आईला तारीख दिली होती 6 मार्चची. बाळ 28 आठवड्यांतच आलं, वजन जेमतेम 1100 ग्रॅम. कितीतरी आठवडे एनआयसीयूत काढून ते घरी आलं. त्याला आपण ईशान म्हणू. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्या हिशेबाने ईशान साडेपाच वर्षांचा असताना जूनमध्ये पहिलीत जाऊ शकतो. पण तो दिवस भरून जन्मला असता तर त्या वर्षी त्याचा नंबरच लागला नसता. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांत तो आहे आणि त्याचं खरं वय आणखी तीन महिन्यांनी कमी आहे.

बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांची वाढ मोजताना डॉक्टर दुरुस्त वय धरतात, म्हणजे जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून मोजतात. दोन वर्षांनंतर ही वजाबाकी सहसा बंद होते. फॉलो-अपही बहुतेक घरांत त्याच सुमाराला थांबतो. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली असते, कान तपासलेले असतात, मूल चालतंय, शब्द जोडून बोलतंय, विकासाच्या चाचणीचा आकडा ठीक आलाय. फाइल कपाटात जाते. सेरेब्रल पाल्सी, अंधत्व, बहिरेपण किंवा मोठा बौद्धिक विलंब हे तोवर बहुधा कळलेलं असतं. दोन वर्षांच्या मुलात जे दिसूच शकत नाही, ते मात्र राहून जातं. दोन वर्षांचं मूल एका वेळी तीन सूचना लक्षात ठेवत नाही, फळ्यावरून उतरवून घेत नाही, आकड्यांची तुलना करत नाही. ज्या गोष्टी अजून सुरूच झालेल्या नाहीत, त्यांत ते मागे आहे का हे कोणती चाचणी सांगणार?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा फार चिकाटीने माग काढला. 1987 ते 1989 या काळात नवजात विभागातून घरी गेलेल्या, जन्मतः दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना ते मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहिले. बाराव्या वर्षी या गटाचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेतच होता, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी होता. डोळ्यांनी पाहून हाताने उतरवणं, हातापायांच्या हालचालींतली सफाई, वाचन आणि गणित यांत अडचणी जास्त होत्या. मूल अपुऱ्या दिवसांचं आणि शिवाय त्या दिवसांच्या मानानेही कमी वजनाचं असेल, तर त्याचा बुद्ध्यंक सर्वांत कमी दिसला. मला या अभ्यासात महत्त्वाचं वाटतं ते हे की यांतली बहुतेक मुलं साध्या शाळांतच बसलेली असतात आणि त्यांची अडचण ‘आळशीपणा’ म्हणून खपून जाते.

कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे. साधारण 24 ते 32 आठवड्यांच्या दरम्यान मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी घडत असतात. प्राणवायूची चढउतार आणि जंतुसंसर्ग यांना त्या फार लवकर बळी पडतात. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मोठा रक्तस्राव दिसतो, पण हे विखुरलेलं बारीक नुकसान दिसत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ असलेलं मूलही पुढे मंद गतीने काम करणारं निघू शकतं. त्याला समजतं, पण वेळ लागतो, आणि एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याची जागा कमी पडते.

ईशान बालवाडीत शंभरपर्यंत न अडखळता म्हणतो. आई खूश, बाई खूश. पण समोर बारा चिंचोके ठेवले की एक दोनदा मोजतो, एक सोडतो आणि कधी अकरा तर कधी चौदा सांगतो. सात आणि चारच्या दोन ढिगांत जास्त कुठे, हे त्याला नजरेने सांगता येत नाही. ‘चोवीस’ ऐकून तो 42 लिहितो. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे ही चूक इतर मुलंही करतात. पण वर्गातल्या बाकीच्यांची ती सुटल्यावरही याची राहिली, तर तिकडे लक्ष द्यावं. पाठांतर तोंडी असतं, तर ढीग पाहणं आणि संख्या मनात धरणं हे दुसरंच काम आहे. या मुलांना वाचनापेक्षा गणित जास्त जड जातं, ते बरंचसं इथे.

दुसरी खूण म्हणजे लक्ष. ही मुलं सहसा वर्गात धुडगूस घालत नाहीत. ती गप्प बसतात, खिडकीबाहेर पाहतात, सूचनेचा पहिला भाग करून थांबतात. कुणाला त्रास होत नसल्याने त्यांची तक्रारही येत नाही. त्यांच्यात भित्रेपणा आणि मधल्या सुट्टीत एकटं राहणंही जास्त आढळतं.

म्हणून पहिलीच्या आधी, पाचव्या वर्षाच्या सुमारास, एकदा पूर्ण तपासणी करावी. ब्रिटनमध्ये 28 आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांसाठी चौथ्या वर्षी अशी तपासणी करण्याची शिफारस 2017 पासून आहे. आधी डोळे: पडदा बरा असला तरी चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा या मुलांत जास्त असतो. मग कान. मग एका पायावर उभं राहणं, बटण लावणं, कात्रीने रेघेवरून कापणं. मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धीची चाचणी, आणि तिच्यात एकूण बुद्ध्यंकावर समाधान न मानता उपचाचण्यांचे गुण मागून घ्यावेत. भाषेत 105 आणि आकृत्यांत 78 अशा मुलाची सरासरी छान दिसते, अडचण मात्र लपते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही सोय विचारावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जातात. खासगी शाळेतल्या मुलासाठी पालकांनाच पुढे व्हावं लागतं.

मग ईशानला वर्षभर थांबवावं का? त्याची अपेक्षित तारीख कटऑफच्या पलीकडे जाते, त्यामुळे थांबवण्याला आधार आहे. पण जर्मनीतल्या बव्हेरियात अशा मुलांच्या अभ्यासात, उशिरा शाळेत घातल्याने कामगिरी सुधारलेली दिसली नाही. नुसतं थांबणं उपचार नाही. त्या वर्षात ऑक्युपेशनल थेरपी आणि वस्तू हाताळून मोजण्याचा सराव होणार असेल तर थांबावं. घरीच बसवायचं असेल तर शाळेत घातलेलं बरं.

शाळेतली मदत फार खर्चाची नसते: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद, मोजायला मणी आणि लिहायला जादा वेळ. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाच्या आधी मिळत नाही, म्हणून अनेक शाळा तिसरीपर्यंत थांबायला सांगतात. वर दिलेल्या कुठल्याही मदतीला प्रमाणपत्र लागत नाही. तिच्यासाठी फक्त डिस्चार्ज कार्डाची एक प्रत वर्गशिक्षिकेच्या हातात जायला हवी, आणि प्रवेशाच्या अर्जात तो रकाना नसल्याने ती पालकांनी स्वतःहून द्यायची.