मोटर-नियंत्रण पॅनेलमधील दुसऱ्या प्रकारचा समन्वय

अंबरनाथ पूर्वेस आनंदनगर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधी द्रव्ये व यांत्रिक भाग तयार करणारे अनेक कारखाने आहेत. रासायनिक कारखान्यातील घुसळणी, पंप व पंखे यांच्या मोटरींचे स्टार्टर बहुधा एकाच पॅनेलमध्ये, कप्प्याकप्प्यांनी मांडलेले असतात. पावसाळ्यात केबलच्या चरात पाणी साचते, मोटरीच्या जोडपेटीत ओल शिरते आणि तेथे शॉर्ट सर्किट होण्याचा संभव वाढतो. असा दोष झाल्यावर ब्रेकर उघडतो व दोष तुटतो, हे उघड आहे. परंतु केबल दुरुस्त केल्यावर त्याच कप्प्यातील स्टार्टर पुन्हा वापरता येईल काय, हा प्रश्न निराळा आहे. उष्णताजनक विक्रिया चालू असलेल्या पात्राची घुसळणी थांबली असता हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. त्याचे उत्तर ज्या संकल्पनेत सामावलेले आहे, तिला ‘दुसऱ्या प्रकारचा समन्वय’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात एका पंधरा किलोवॉटच्या मोटरीचे उदाहरण घेऊन तिचे विवरण केले आहे.

कॉन्टॅक्टर व मोटर-स्टार्टर यांसंबंधीचे मानक आयएस/आयईसी ६०९४७-४-१ हे होय. शॉर्ट सर्किटनंतर स्टार्टरची स्थिती काय असावी, यावरून त्यात समन्वयाचे दोन प्रकार केलेले आहेत. पहिल्या प्रकारात माणसास अथवा पॅनेलास धोका पोहोचू नये एवढीच अट आहे. कॉन्टॅक्टर वा रिले निकामी झाला तरी चालतो. दुसऱ्या प्रकारात धोका नसावाच, शिवाय स्टार्टर पुढील वापरास योग्य राहिला पाहिजे. मात्र येथे एक सवलत ठेवलेली आहे. कॉन्टॅक्टरचे स्पर्शबिंदू किंचित चिकटण्याचा संभव मानक मान्य करते. ते स्क्रू-ड्रायव्हरसारख्या साधनाने, भाग न वाकविता, सहज सुटले पाहिजेत. तेव्हा ‘दुसरा प्रकार म्हणजे कसलीही इजा नाही’ ही प्रचलित समजूत बरोबर नव्हे.

स्टार्टरमधील तीन घटकांची कामे वाटलेली असतात. मोटर नेहमी सुरू-बंद करणे हे कॉन्टॅक्टरचे काम. मोटरीवर बेताचा पण दीर्घकाळ जादा भार आला असता कॉन्टॅक्टर उघडविणे हे ओव्हरलोड रिलेचे काम. शॉर्ट सर्किटचा प्रचंड प्रवाह तोडणे हे ब्रेकरचे काम. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे उत्तम असला तरी तिघांच्या मर्यादा एकमेकींस न जुळल्यास समन्वय बिघडतो. तो मुख्यतः दोन ठिकाणी बिघडतो. एक म्हणजे मोठ्या प्रवाहाच्या वेळी, आणि दुसरे म्हणजे रिलेचे क्षेत्र संपून ब्रेकरचे क्षेत्र सुरू होते त्या सीमेवर.

प्रथम मोठ्या प्रवाहाचा विचार करू. कॉन्टॅक्टरचे दोन स्पर्शबिंदू स्प्रिंगने एकमेकांवर दाबलेले असतात. प्रत्यक्ष स्पर्श अगदी लहान ठिपक्यांतूनच होत असल्याने प्रवाहरेषा तेथे आकुंचन पावतात व त्यामुळे स्पर्शबिंदूंना दूर ढकलणारा जोर निर्माण होतो. हा जोर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विशिष्ट शिखरमूल्यापलीकडे तो स्प्रिंगवर मात करतो. स्पर्शबिंदू क्षणभर उचलले जातात, त्यांत ठिणगीचा कंस पेटतो, चांदीमिश्र धातूचा पृष्ठभाग वितळतो आणि प्रवाह ओसरताच ते ओल्या धातूवर पुन्हा टेकतात. धातू थिजताच ते सांधले जातात. अशा कॉन्टॅक्टरची कॉइल निर्विद्युत् केली तरी तो सुटत नाही, आणि पुढे थांबविण्याचे बटण दाबूनही मोटर थांबत नाही. द्विधातू रिलेच्या तापकपट्टीस तर काही सहस्रांश सेकंदात सारी उष्णता स्वतःतच साठवावी लागते. ती वितळली नाही तरी वाकते व रिलेचे अंशांकन बदलते. म्हणून ब्रेकरने प्रवाह तोडणे पुरेसे नाही. तोडण्यापूर्वी त्यातून निसटू दिलेला शिखरप्रवाह व उष्णता ही दोन्ही कॉन्टॅक्टर व रिले यांना सोसवतील इतकीच असली पाहिजेत.

आता उदाहरण घेऊ. रोहित्र १००० केव्हीए क्षमतेचे, दुय्यम दाब ४३३ व्होल्ट व प्रतिबाधा ५ टक्के आहे असे मानू. त्याचा पूर्णभार प्रवाह सुमारे १३३३ अँपिअर येतो आणि टर्मिनलवरील शॉर्ट सर्किटचा प्रवाह त्याच्या वीसपट, म्हणजे २६.७ किलोअँपिअर होतो. पॅनेल रोहित्राजवळ असल्यास तेथे हाच प्रवाह धरणे सुरक्षित होय. परंतु मोटर पॅनेलपासून ८० मीटर दूर असून तिला १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची केबल जोडलेली आहे. या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे १.९ ओहम असल्याने ८० मीटरचा रोध ०.१५३ ओहम होतो. रोहित्राची प्रतिबाधा त्यापुढे नगण्यच, सुमारे ०.००९ ओहम. म्हणून मोटरीच्या जोडपेटीत तिन्ही फेज एकत्र आल्यास प्रवाह जेमतेम १६०० अँपिअर होईल.

एकाच फीडरवर २६.७ किलोअँपिअर व १.६ किलोअँपिअर असे दोन टोकाचे प्रवाह संभवतात, आणि प्रत्यक्षात दोष बहुधा दूरच्या टोकास होतो. लहान प्रवाह सौम्य, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ते खरे नाही. मोठ्या प्रवाहात ब्रेकरचे स्पर्शबिंदू स्वतःच वेगाने उडतात व प्रवाह आपल्या संभाव्य शिखरास पोहोचण्यापूर्वीच छाटला जातो. लहान प्रवाहात ही छाटणी होत नाही. पूर्ण अर्धे आवर्तन वा त्याहून अधिक काळ प्रवाह वाहतो. म्हणून मानक दोन प्रवाहांवर परीक्षा सांगते. एक निर्मात्याने घोषित केलेला उच्च प्रवाह, उदाहरणार्थ ५० किलोअँपिअर. आणि दुसरा स्टार्टरच्या आकारानुसार ठरविलेला लहान प्रवाह. १६ ते ६३ अँपिअरच्या स्टार्टरसाठी हा दुसरा प्रवाह ३ किलोअँपिअर आहे. स्टार्टर बंद स्थितीत असता दोष येणे आणि दोषावरच कॉन्टॅक्टर मिटणे, या दोन्ही परिस्थिती तपासल्या जातात. दुसऱ्या प्रकाराच्या परीक्षेत फ्यूज सोडून कोणताही भाग बदलण्याची मुभा नाही.

आता सीमेचा विचार. आपल्या मोटरीचा पूर्णभार प्रवाह २८ अँपिअर आहे आणि रिले तितक्यावरच लावलेला आहे. रिलेने १.०५ पट प्रवाहास दोन तासांत उघडू नये, १.२ पट प्रवाहास दोन तासांच्या आत उघडावे; आणि तो १० श्रेणीचा असल्यास ७.२ पट प्रवाहास, म्हणजे सुमारे २०० अँपिअरला, ४ ते १० सेकंदांत उघडावे. ब्रेकर ३२ अँपिअरचा असून त्याची चुंबकीय तत्काल क्रिया तेरापटीस, म्हणजे ४१६ अँपिअरला होते. रिले व ब्रेकर यांचे वक्र जेथे छेदतात तो छेदनप्रवाह म्हणजे हाच ४१६ अँपिअर. मानकानुसार छेदनप्रवाहाच्या ०.७५ पटीस ब्रेकरने स्वस्थ राहून रिलेने काम करावे आणि १.२५ पटीस रिलेच्या आधी ब्रेकरने उघडावे.

येथील मर्म असे की, ०.७५ पट, म्हणजे ३१२ अँपिअर, हा प्रवाह कॉन्टॅक्टरला स्वतः तोडावा लागतो. मोटरींच्या साध्या कामासाठीच्या, म्हणजे एसी-३ वर्गाच्या, कॉन्टॅक्टरची तोडण्याची क्षमता त्याच्या अंकित प्रवाहाच्या आठपट असते. ३२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर २५६ अँपिअर तोडू शकेल, ३१२ नव्हे. २८ अँपिअरच्या मोटरीस तो पुरेसा वाटला तरी समन्वयास अपुरा आहे. ४० अँपिअरच्या कॉन्टॅक्टरची क्षमता ३२० अँपिअर असल्याने तो जेमतेम उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या निवडसारणीत कॉन्टॅक्टर एक पायरी मोठा का दिसतो, याचे एक कारण हे. दुसरे, मोठ्या कॉन्टॅक्टरचा स्पर्शदाब अधिक असल्याने तो सहजी उचलला जात नाही.

चालू पॅनेलात हा समन्वय नकळत कसा मोडतो, हे याच उदाहरणाने दाखविता येते. जुन्या मोटरीच्या जागी उच्च कार्यक्षमतेची मोटर बसविली असे समजा. तिचा पूर्णभार प्रवाह किंचित कमी, २७ अँपिअर आहे. पण रोध कमी असल्याने आरंभप्रवाह साडेआठपट, म्हणजे २३० अँपिअर आहे. पहिल्या अर्ध्या आवर्तनातील असममितीमुळे शिखर १.६ पट वाढते असे धरल्यास ते २३० × १.४१४ × १.६, म्हणजे सुमारे ५२० अँपिअर येते. ब्रेकरच्या चुंबकीय क्रियेस वीस टक्के सूट असल्याने तो ३३३ अँपिअरला, म्हणजे ४७१ अँपिअरच्या शिखरास, उघडू शकतो. जुन्या मोटरीचा आरंभप्रवाह सातपट असल्याने तिचे शिखर ४४३ अँपिअरच होते व ती सुखाने सुरू होत असे. नवी मोटर मात्र कधी सुरू होते, कधी ब्रेकर पाडते; कारण शिखर हे मिटण्याच्या क्षणावर अवलंबून असते. दोष कोठेच सापडत नाही.

अशा वेळी ५२० अँपिअरला क्रिया करणारा ब्रेकर बसविला जातो आणि तक्रार खरोखरच मिटते. परंतु छेदनप्रवाहही ५२० अँपिअर होतो व त्याच्या ०.७५ पट, म्हणजे ३९० अँपिअर, तोडण्याची जबाबदारी ३२० अँपिअरच्या कॉन्टॅक्टरवर येऊन पडते. समन्वय राखावयाचा तर ५० अँपिअरचा, म्हणजे ४०० अँपिअर तोडणारा कॉन्टॅक्टर हवा. हाही निव्वळ पूर्वविचार होय. अंतिम निवड निर्मात्याने परीक्षा करून प्रसिद्ध केलेल्या सारणीतूनच केली पाहिजे. स्पर्शबिंदूंची उचल व तापकपट्टीची सोशीकता गणिताने खात्रीपूर्वक सांगता येत नाही. म्हणूनच एका निर्मात्याच्या ब्रेकरसोबत दुसऱ्याचा समान अंकाचा कॉन्टॅक्टर बसविल्यास, तशी जोडी तपासलेली नसेल तर, दुसऱ्या प्रकाराचा दावा उरत नाही. सारणीतील दाब, श्रेणी व दोषप्रवाह हेही जागेवरील स्थितीशी जुळले पाहिजेत.

शॉर्ट सर्किटनंतर स्टार्टर पुन्हा वापरण्यापूर्वी काय पाहावे, हे यावरून ठरते. प्रथम दोष शोधून केबल व मोटर यांचा निरोधन रोध मोजावा. त्याआधी ब्रेकर मिटवू नये. मग पुरवठा तोडून कॉन्टॅक्टरचा चल भाग हाताने दाबून सोडावा; तो तत्काळ परतला आणि प्रत्येक ध्रुव उघडा असल्याचे मोजणीत दिसले, तर स्पर्शबिंदू सुटे आहेत. चिकटलेले असल्यास निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे सोडवावे व पृष्ठभाग पाहावा. रिलेची केवळ चाचणी-कळ दाबणे पुरेसे नाही, कारण ती यंत्रणा तपासते, तापकपट्टी नव्हे. तिन्ही ध्रुवांतून ज्ञात प्रवाह सोडून उघडण्याचा काळ मोजावा. ब्रेकरच्या तोडण्याच्या संधी मर्यादित असल्याने त्याची नोंद त्या कप्प्याच्या नावे ठेवावी. समन्वय हा सुट्या उपकरणाचा गुण नसून एका ठराविक जोडीचा गुण आहे. जोडीतील एक घटक बदलला की तो पुन्हा सिद्ध करावा लागतो.