वरून करपलेला, आतून कच्चा

एअर फ्रायरमधल्या केकबद्दल बहुतेकांची तक्रार एकच असते: वरून काळपट, मधोमध फुटलेला आणि सुरी घातली की आत ओलं पीठ. कृती बरोबर असते. चुकतं ते ओव्हनसाठी लिहिलेलं तापमान जसंच्या तसं लावणं.

या यंत्रात तापणारी कॉइल वरच्या बाजूला, भांड्यापासून जेमतेम काही इंचांवर असते आणि तिथलाच पंखा गरम हवा जोरात फिरवतो. बटाट्याच्या कापांना हेच हवं असतं. केकचं मात्र वरचं पीठ आधीच घट्ट होतं, मधलं पीठ नंतर फुगायला लागतं आणि वाट न मिळाल्यामुळे वरचा थर फोडून बाहेर येतं. म्हणून ओव्हनमध्ये १८० अंश सांगितले असतील तर इथे १५० ते १६० पुरेत, आणि सुरुवातीला वर फॉइल हवीच.

सहा इंचांच्या पातळ ॲल्युमिनियमच्या डब्यासाठी एक कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, पाऊण कप दही, पाव कपापेक्षा किंचित जास्त तेल, पाऊण चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. चमचा मापाचाच घ्या. मैदा, पावडर आणि सोडा एकत्र चाळून घ्या. दही, साखर, तेल नीट फेटून त्यात ते मिसळा; पण मिसळल्यावर फार घोटू नका, केक चिवट होतो. डबा अर्ध्याहून थोडाच जास्त भरा. बास्केटमध्ये डब्याभोवती बोटभर जागा राहायला हवी, नाहीतर हवा फिरत नाही.

फॉइल लावण्यात खरी मेख आहे. ती पिठाला चिकटवून न लावता, केक फुगेल एवढी उंच ठेवा आणि कडा डब्याच्या काठाखाली घट्ट दुमडा. सैल राहिली तर पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला लागू शकते. यंत्र तापवताना बास्केटमध्ये नुसती फॉइल ठेवू नये, तेही याच कारणासाठी.

तीन-चार मिनिटं तापवलेल्या फ्रायरमध्ये १५० अंशांवर फॉइलसकट २५ मिनिटं ठेवा. मध्येच उघडून बघू नका. मग फॉइल काढून आणखी आठ-दहा मिनिटं, म्हणजे वर बदामी रंग येतो. मधोमध टूथपिक घालून पाहा. एखाद-दुसरा कण लागला तर हरकत नाही, पण ओलं पीठ लागलं आणि रंग आधीच आला असेल, तर फॉइल परत लावून पाच मिनिटं वाढवा. तापमान वाढवू नका.

तळाला मात्र ओव्हनसारखा रंग येत नाही, कारण उष्णता वरून येते. जाड काचेच्या भांड्यात तर तळ हमखास मागे राहतो. यंत्रागणिक पाच-सात मिनिटांचा फरक पडतो, तेव्हा पहिल्या केकची वेळ वहीत लिहून ठेवा.