आधी फोडणी, मग नाव

मैत्रिणीच्या पाककृतींच्या चॅनेलचा इंट्रो बारा सेकंदांचा होता: फिरतं पातेलं, वाफ, मग नाव. यूट्यूबच्या आलेखात प्रेक्षक नेमके तिथेच गळताना दिसत. आम्ही तो तीन सेकंदांवर आणला आणि त्याच्याआधी तडतडणारी फोडणी दाखवली. आलेखातला तो कडा बराच बुजला.

रंग दोनच ठेवले, हळदीचा पिवळा आणि त्यावर गडद तपकिरी अक्षरं. पिवळ्यावर पांढरी अक्षरं तिला फार आवडत, पण मोबाइलच्या इवल्याशा चौकटीत ती दिसतच नाहीत. फॉन्ट घेतला मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’. तो फुकट मिळतो. फॉन्ट ठरवण्याआधी मात्र ‘कुरकुरीत पुऱ्या’, ‘श्रीखंड’ असे शब्द टाइप करून पाहावेत. एडिटिंगच्या काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. तसं झालं, तर शीर्षक दुसरीकडे चित्र म्हणून तयार करून व्हिडिओवर ठेवायचं.