दाराचा जामीनदार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आमच्याकडे राहायला आली होती. एका सकाळी ती बाथरूममध्ये घसरली आणि नेमकी दाराला टेकून बसली. दार आत उघडणारं. कडी लावलेली नव्हती, पण त्याचा काही उपयोग नव्हता. दार ढकलावं तर ते अक्कालाच ढकलत होतं. शेवटी शेजारच्या सडपातळ मुलानं वीतभर फटीतून अंग आत घातलं, तिला हळूच सरकवलं, तेव्हा दार उघडलं. मुक्या मारावर निभावलं, पण दार बदलायचं हे त्याच दिवशी ठरलं.

दार बाहेर उघडणारं करावं, तर आमचा पॅसेज तीन फुटांचा. दार उघडलं की पॅसेज बंद, शिवाय वॉकर घेतलेल्या माणसाला दारासाठी मागे सरावं लागणार. म्हणजे दार सरकतंच हवं. त्यात दोन जाती. एक ‘पॉकेट डोअर’, म्हणजे भिंतीच्या पोटात शिरून दिसेनासं होणारं. ते देखणं खरं, पण त्यासाठी भिंत पोकळ लागते. आमची भिंत साडेचार इंची विटांची, प्लास्टरच्या आत भरीव. ती पाडून दुहेरी पडदीची भिंत उभी करायची, आतल्या वायरी नि नळ हलवायचे, आणि पुढे चाक बिघडलं तर ते पोटातून काढायचं कसं हा प्रश्न उरायचाच. नवं घर बांधताना हे जमतं. राहत्या घरात दुसरी जात बरी. अमेरिकेत शेतावरच्या कोठारांना असतं, तसं भिंतीच्या बाहेरून रेलवर लटकणारं दार. म्हणून त्याला ‘बार्न डोअर’ म्हणतात.

आपल्या सरकत्या खिडक्यांत काचेचं वजन खालच्या चाकांवर असतं. खालच्या खाचेत माती साचली की खिडकी अडते. या दारात उलट आहे. सगळं वजन वर, रेलवर. खाली पट्टी नाही, उंबरा नाही, त्यामुळे वॉकर अडखळत नाही. आमच्या चौकटीची आतली रुंदी २८ इंच. दोन्हीकडे दोन इंच झाकलं जावं म्हणून दार ३२ इंचांचं केलं, आणि ते पूर्ण बाजूला जावं म्हणून रेल त्याच्या दुपटीहून थोडी जास्त, साडेपाच फूट. ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव फ्लश डोअर, दोन्ही बाजूंना लॅमिनेट. वजन चाळीस किलोच्या आसपास. रेलच्या खोक्यावर ‘८० किलो’ छापलेलं. मी निर्धास्त झालो.

तीन आठवड्यांनी दार आपोआप उघडायला लागलं. बंद करून हात काढला की हळूहळू सरकत जाई. मग खालची फट एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त दिसू लागली. एके दिवशी झाडताना रेलच्या टोकाखाली लालसर भुकटी सापडली. दुसरा मिस्त्री बोलावला. त्यानं रेलच्या खालच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारली आणि दोन दिवसांनी या म्हणाला. दोन दिवसांत रेल रेघेखाली उतरलेली होती.

तेव्हा जे कळलं ते बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला आधीच कळायला हवं होतं. खोक्यावरचा आकडा हा कर्जदाराच्या पगाराचा दाखला. जामीनदार भिंत आहे, आणि मी तिची चौकशीच केली नव्हती. दार बंद असतं तेव्हा वजन चौकटीवरच्या लिंटेलवर असतं. तिथं काँक्रीट आहे. पण दार उघडलं की तेच वजन सरकत दुसऱ्या अर्ध्या रेलवर जातं, आणि तिथं नुसती वीट. शिवाय दार भिंतीपासून थोडं पुढे लटकतं, म्हणून स्क्रू नुसता खाली दाबला जात नाही, बाहेरही ओढला जातो. पहिल्या सुतारानं सगळीकडे सारखेच प्लॅस्टिकचे प्लग ठोकले होते, त्यातले काही तर जेमतेम प्लास्टरमध्ये.

मिस्त्रीनं ड्रिल चालवून भुकटी दाखवली. करडी आली तर काँक्रीट, लाल आली तर वीट, आणि ड्रिल एकदम आत गेलं तर विटांमधला सांधा किंवा पोकळी. तिथं भोक घ्यायचं नाही. मग त्यानं सहा फूट लांब, पाच इंच रुंद, दीड इंच जाड अशी सागवानी फळी आडवी बसवली. काँक्रीटमध्ये लोखंडी फास्टनर, आणि विटेच्या भागात भिंतीच्या आरपार बोल्ट. बोल्टांची टोकं बाथरूमवरच्या माळ्यात निघाली. तिथं पत्र्याच्या रुंद पट्ट्या घालून नट आवळले. रेल त्या फळीवर. फळीमुळे रेलचे आधार हवे तिथं घेता आले, आणि दार चौकटीच्या पट्टीला घासण्याचंही टळलं.

आधारांच्या बाबतीत काटकसर करू नये. दोन आधारांतलं अंतर दुप्पट झालं, तर त्याच वजनाखाली मधली रेल दुप्पट नव्हे, आठपट वाकते. रेलला जेवढी भोकं दिली असतील तेवढे सगळे बोल्ट लावायचे. एक गाळला तर दार दर वेळी त्या जागी किंचित खाली जाऊन वर चढतं, हाताला ते कळतं. दार टांगण्याआधी मिस्त्रीनं रेलच्या विटेकडच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून हळूहळू स्वतःचं सगळं वजन टाकलं. पेन्सिलीची रेघ जिथल्या तिथं राहिली.

खालचा गाइड हा बोटभर तुकडा. दाराच्या तळाला लांबभर खाच पाडतात, गाइडची उभी पट्टी तीत राहते. त्याच्यावर वजन नसतंच. दार पुढे-मागे झुलू नये एवढंच त्याचं काम. पण वॉकरचा धक्का बसला तर तोच आवरतो. त्याची जागा एकच: दार सरकतं त्या बाजूला, चौकटीला लागून बाहेर. दार उघडं असो वा बंद, तेवढी जागा कायम दाराखाली राहते, म्हणून पायात येत नाही. खाच पट्टीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर रुंद हवी. त्याहून सैल झाली तर दार खडखडतं. गाइडवर दार घासू लागलं, तर गाइड ठोकत बसू नये, वर रेल पाहावी. दार ओळंब्यात नाही याची ती पहिली खूण. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा ठोका बंद ठेवावा, नाही तर टाइल तडकते. आम्ही ते पॅसेजच्या फरशीत घेतलं, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला हात लावला नाही.

दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. गिझरचा स्विच नेमका दाराच्या वाटेत होता, तो हलवला. आणि हँडल पुढे आलेलं होतं. ते चौकटीवर आपटून २८ इंचांतले तीन इंच वाया जात होते. तिथं खाचेतलं हँडल बसवलं. कुलूप आकड्याचं, बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येणारं. रेलच्या दोन्ही टोकांना स्टॉपर, आणि चाक उडून रेलवरून उतरू नये म्हणून दाराच्या माथ्याला छोट्या चकत्या.

उणीवही सांगतो. हे दार चौकटीला चिकटत नाही. कडेनं फट राहते, नळाचा आवाज पॅसेजमध्ये येतो. अक्काला सुरुवातीला त्याचा संकोच वाटे. आता ती आत गेली की नळ सोडण्याआधी हाक मारते, “आहे रे मी!” फटीतून ती हाक स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू येते. पहिली रेघ मी अजून पुसलेली नाही. महिन्यातून एकदा स्टुलावर चढून बघतो.