थेट अद्यतने (एपीआय)

थेट अद्यतने म्हणजे सर्व्हरवर घडलेला बदल ग्राहक-आज्ञावलीपर्यंत तत्काळ पोहोचविण्याची व्यवस्था होय. विकिपीडियावरील 'अलीकडील बदल' हे तिचे बोलके उदाहरण आहे. दर १० सेकंदांनी एपीआयकडे विचारणा केल्यास (शॉर्ट पोलिंग) दिवसाला ८,६४० विनंत्या होतात आणि मराठीसारख्या लहान विकीवर बहुतेक उत्तरे रिकामीच येतात. लाँग पोलिंगमध्ये नवे काही घडेपर्यंत सर्व्हर उत्तर रोखून धरतो. तथापि प्रत्येक उत्तरानंतर पुन्हा विनंती करावी लागते.

येथे माहिती एकाच दिशेने वाहते, त्यामुळे दुतर्फा संवादाच्या वेबसॉकेटचे प्रयोजन उरत नाही. विकिमीडियाने २०१७ मध्ये सॉकेट.आयओवर आधारित आरसीस्ट्रीम बंद केली. तिची जागा सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरणाऱ्या इव्हेंटस्ट्रीम्सने घेतली. या सेवेची जोडणी सुमारे १५ मिनिटांनी तुटते. नवशिक्यास हा बिघाड वाटतो, पण तो नियमच आहे. ब्राउझरमधील `EventSource` स्वतःहून पुन्हा जोडणी करतो, शेवटच्या घटनेची ओळख `Last-Event-ID` या हेडरमधून पाठवतो आणि प्रवाह तेथूनच पुढे सुरू होतो. वेबसॉकेटमध्ये ही सोय स्वतः रचावी लागते.

ही ओळख केवळ स्मृतीत राहते. पान बंद झाल्यास ती नाहीशी होते व मधले बदल निसटतात. म्हणून ग्राहकाने ती जतन करणे इष्ट. सर्व विकींचे बदल एकाच प्रवाहात येत असल्याने `wiki` या रकान्यात `mrwiki` असलेल्या नोंदी निवडण्याचे कामही ग्राहकाकडेच असते.