बारा मीटरची सळई आणि सहाशे रुपयांची कसोटी

बांधकामावर लोखंडी सळई येते ती साधारणपणे १२ मीटर लांबीची. तुळया, खांब आणि स्लॅब यांना मात्र वेगवेगळ्या लांबीचे तुकडे लागतात. त्यांची यादी नकाशावरून आधीच निघालेली असते. एकाच जाडीच्या सळयांची एक छोटी यादी घेऊ: साडेचार मीटरचे ४० तुकडे, ३.७ मीटरचे ३० आणि २.४ मीटरचे ५०. कमीत कमी किती सळया आणाव्या लागतील?

एक सळई कशी कापायची याच्या एका प्रकाराला आपण मांडणी म्हणू. या यादीसाठी सळई पुरती वापरणाऱ्या, म्हणजे आणखी एकही तुकडा मावणार नाही अशा, फक्त आठ मांडण्या आहेत. त्या पाठकोऱ्या कागदावर लिहून होतात. पण कारखान्यातली गोष्ट वेगळी असते. पॉल गिलमोर आणि राल्फ गोमोरी यांनी १९६१ साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात या प्रश्नावर लेख लिहिला, तेव्हा ते दोघे आयबीएममध्ये होते. २०० इंचांचा गुंडाळा आणि २० ते ८० इंचांच्या दरम्यानची ४० मापे असतील, तर मांडण्यांची संख्या सहज एक ते दहा कोटींच्या घरात जाते, असे त्यांनी त्यात दाखवले. प्रत्येक मांडणी म्हणजे गणितातला एक कॉलम. इतके कॉलम लिहून काढण्यातच जन्म जाईल. म्हणून त्यांनी ते लिहिलेच नाहीत. मोजक्या मांडण्यांनी सुरुवात करायची आणि गरज पडेल तशी एकेक नवी मांडणी घडवून आत घ्यायची, ही त्यांची रीत. हिलाच कॉलम जनरेशन म्हणतात. कोट्यवधींपैकी नेमकी कोणती मांडणी आत घ्यायची, हे कसे कळते? आपल्या छोट्या यादीवर ते हाताने करून पाहता येते.

सुरुवात अगदी भाबडी करू. एका सळईतून एकाच मापाचे तुकडे काढायचे. क मांडणीत साडेचारचे दोन, ख मांडणीत ३.७ चे तीन आणि ग मांडणीत २.४ चे पाच. मग क प्रकारच्या २०, ख प्रकारच्या १० आणि ग प्रकारच्या १० अशा ४० सळया लागतील. सगळ्या तुकड्यांची मिळून लांबी ४११ मीटर होते आणि आपण आणतो ४८०. म्हणजे ६९ मीटर लोखंड भंगारात जाते.

आता हिशेबाच्या सोयीसाठी एक सळई ६०० रुपयांची धरू आणि विचारू: यादीत साडेचारचा आणखी एक तुकडा वाढला, तर खर्च किती वाढेल? आजच्या पद्धतीत त्यासाठी अर्धी सळई लागते, म्हणजे ३०० रुपये. ३.७ च्या तुकड्याला तिसरा हिस्सा, म्हणजे २०० रुपये. २.४ च्या तुकड्याला पाचवा हिस्सा, म्हणजे १२० रुपये. हे बाजारभाव नव्हेत. सध्याच्या कापणीत तो तुकडा आपल्याला केवढ्याला पडतो, एवढेच ते सांगतात. गणितात यांना छाया-किमती म्हणतात.

या किमती हाती आल्या की नव्या मांडणीची कसोटी सोपी होते. बारा मीटरमध्ये असे तुकडे बसवा की त्यांच्या छाया-किमतींची बेरीज जास्तीत जास्त व्हावी. ती ६०० च्या वर गेली तर ही मांडणी कामाची, कारण एवढे तुकडे आज आपल्याला ६०० हून महाग पडतात आणि इथे ते एकाच सळईत मिळतात. हाच तो प्रसिद्ध नॅपसॅकचा प्रश्न. पाठीवरच्या पिशवीत ठरावीक वजनच मावते, मग कोणत्या वस्तू घेतल्या म्हणजे त्यांचे एकूण मोल सर्वाधिक होईल? इथे पिशवी म्हणजे सळई आणि वजनाच्या जागी लांबी.

पहिल्या फेरीचे उत्तर: साडेचारचे दोन आणि २.४ चा एक. लांबी ११.४ मीटर, मोल ७२० रुपये. ही घ मांडणी. तिच्या २० सळया कापल्या की साडेचारचे सगळे ४० तुकडे होतात, शिवाय २.४ चेही २० निघतात. उरलेल्या ३० साठी ग च्या सहा सळया पुरतात आणि ख च्या दहा तशाच राहतात. एकूण ३६ सळया. एका मांडणीने चार सळया वाचवल्या.

मांडण्या बदलल्या की छाया-किमतीही बदलतात. साडेचारचा एक तुकडा वाढला तर आता घ ची अर्धी सळई लागते, ३०० रुपयांची. पण तिच्यातून २.४ चा अर्धा तुकडाही मिळतो आणि ग मधला तेवढा खर्च, ६० रुपये, वाचतो. म्हणून साडेचारची किंमत २४० वर उतरली. बाकी दोन किमती २०० आणि १२० वर कायम आहेत.

दुसऱ्या फेरीत जरा थांबायला हवे, कारण घाईची फसगत नेमकी इथेच होते. मीटरमागे सर्वांत जास्त मोलाचा तुकडा आधी भरावा, असे सहज वाटते. साडेचारचा तुकडा मीटरला सुमारे ५३ रुपये देतो, ३.७ चा ५४ आणि २.४ चा ५०. मग ३.७ चे तीन तुकडे भरले. मोल ६००, उरले ९० सेंटिमीटर, त्यात काहीच बसत नाही. बेरीज ६०० च्या वर गेली नाही, म्हणजे सुधारणेला वाव संपला, असे म्हणून माणूस ३६ वर थांबेल. तो निष्कर्ष चुकीचा आहे. थांबायचा निर्णय घ्यायचा तर नॅपसॅक अंदाजाने सोडवून चालत नाही, पूर्ण सोडवावा लागतो.

पूर्ण सोडवायचा तो मागून पुढे. सळईत पहिला तुकडा कोणता, एवढेच ठरवायचे आणि उरलेल्या लांबीचे सर्वोत्तम मोल आधीच काढून ठेवलेले असायचे. पहिला तुकडा साडेचारचा घेतला तर साडेसात मीटर उरतात; त्यात ३.७ चे दोन बसतात, मोल ४००, एकूण ६४०. पहिला ३.७ चा घेतला तर ८.३ मीटर उरतात. त्यात साडेचारचा एक आणि ३.७ चा एक, मोल ४४०, एकूण पुन्हा ६४०. पहिला २.४ चा घेतला तर उरलेल्या ९.६ मीटरचे मोल ४८० च्या वर जात नाही, एकूण ६००. दहा-दहा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी शून्यापासून बारा मीटरपर्यंत असा तक्ता भरत गेले की काहीही निसटत नाही. इथे १२० ओळी होतात आणि प्रत्येक ओळीत तीनच तुलना. मांडण्या कोटींत असल्या तरी तक्ता एवढासाच राहतो. सगळ्या रीतीचा जीव या एका गोष्टीत आहे.

उत्तर मिळाले ६४० चे: साडेचारचा एक आणि ३.७ चे दोन. लांबी ११.९ मीटर. ही च मांडणी. तिच्या १५ सळयांत ३.७ चे सगळे ३० तुकडे निघतात आणि ख ची गरजच उरत नाही. साडेचारचे १५ झाले, राहिलेल्या २५ साठी घ च्या साडेबारा सळया. २.४ च्या उरलेल्या साडेसदतीस तुकड्यांसाठी ग च्या साडेसात. एकूण ३५. अर्ध्या सळयांचे काय ते पुढे पाहू. या टप्प्यावर गणित अपूर्णांकांना मुभा देते.

नव्या किमती: साडेचार २४०, ३.७ चा १८०, २.४ चा १२०. पुन्हा नॅपसॅक सोडवला तर कुठलीच मांडणी ६०० ओलांडत नाही. आता थांबायचे, आणि यावेळी थांबण्याला पुरावा आहे. या किमतींनी संपूर्ण यादीचे मोल काढा: ९,६०० अधिक ५,४०० अधिक ६,०००, म्हणजे २१,०००. एका सळईतून, ती कशीही कापली तरी, ६०० पेक्षा जास्त मोल निघू शकत नाही. म्हणून ३५ हून कमी सळयांत हे काम कोणालाही जमणार नाही. आपण आठपैकी चारच मांडण्या आत घेतल्या होत्या, तरी हे विधान आठही मांडण्यांना लागू आहे. आपल्या यादीत ४११ ला १२ ने भागूनही ३५ च मिळतात हे खरे, पण तो भागाकार नेहमी कामाला येत नाही. सात मीटरचे दहा तुकडे हवे असतील तर भागाकार सहा सळया सांगेल, लागतील दहा.

आता अर्ध्या सळया. सरळ वर ओढले तर १५, १३ आणि ८, म्हणजे ३६. हाताशी असलेल्या पाच मांडण्यांतूनच पूर्ण आकड्यांत ३५ जमवता येतील का? नाही. ३५ मध्ये भागवायचे तर प्रत्येक सळईचे मोल नेमके ६०० हवे आणि एकही तुकडा जास्तीचा निघता कामा नये. पाचांपैकी ६०० ला पोचतात फक्त ग, घ आणि च. त्यांत ३.७ साठी च पंधरा लागतात, आणि उरलेले साडेचारचे २५ तुकडे दोन-दोनने कापणाऱ्या घ मधून बरोबर निघत नाहीत. अपूर्णांकांतल्या उत्तराला पुरलेल्या मांडण्या पूर्ण आकड्यांना पुरतीलच असे नसते. गोळा झालेल्या कॉलमांवरच पूर्णांकाचे गणित चालवून मिळालेल्या उत्तराला कित्येकदा सर्वोत्तम म्हटले जाते, ते या कारणाने बरोबर नाही.

म्हणून वर ओढण्याऐवजी खाली ओढायचे. च १५, घ १२, ग ७ अशा ३४ सळया कापल्यावर साडेचारचा एक आणि २.४ चे तीन तुकडे बाकी राहतात. त्यांची लांबी ११.७ मीटर होते, म्हणजे ते एका सळईत मावतात. एकूण ३५, आणि याहून कमी शक्य नाही हे आधीच सिद्ध झाले आहे. शेवटच्या सळईची ही मांडणी, तिला छ म्हणू, आपल्या संग्रहात कधी आलीच नव्हती. शेवटच्या फेरीत तिचे मोल नेमके ६०० होते. कसोटी ओलांडली नाही, म्हणून ती बाहेर राहिली. मोठ्या यादीत उरलेला भाग असा एका सळईत बसेल याची खात्री नसते. तिथे ‘घ च्या बारा किंवा कमी’ आणि ‘तेरा किंवा जास्त’ अशा दोन फांद्या करून प्रत्येक फांदीत पुन्हा नव्या मांडण्या शोधाव्या लागतात, आणि नॅपसॅकलाही त्या अटी पाळायला लावाव्या लागतात. हे काम बरेच किचकट आहे.

कापण्याच्या यंत्राचाही विचार हवा. कातरणाऱ्या यंत्रात लोखंड वाया जात नाही, पण घासून कापणाऱ्या चकतीने प्रत्येक कापाला दोन-तीन मिलिमीटर जातात. मग ग मांडणी बाद होते, कारण २.४ चे पाच तुकडे बरोबर बारा मीटर भरतात आणि चकतीला जागाच उरत नाही. नॅपसॅकमध्ये प्रत्येक तुकड्याची आणि सळईचीही लांबी एका कापाने वाढवून घेतली की ही अडचण हिशेबात येते. ग गेल्यावर छ आत येते आणि उत्तर निघते ते असे: च १५, घ ५, छ १५. साडेचारचे १५, १० आणि १५ मिळून ४०, ३.७ चे ३०, २.४ चे ५ आणि ४५ मिळून ५०. सळया पुन्हा ३५ च, आणि यावेळी एकही अर्धी नाही.